परीक्षक गप्प बसतात तेव्हा

लेखी पेपरची धास्ती बहुतेकदा अभ्यास न झाल्याची असते. व्हायवाची धास्ती वेगळी, ती अभ्यास झालेल्यांनाही गाठते. कायद्याच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना हे चांगलं ठाऊक आहे. ज्या मुलीने रात्री मैत्रिणीला फोनवर कलम १३८ उलगडून सांगितलेलं असतं, तीच सकाळी परीक्षकांसमोर बसल्यावर 'चेक बाऊन्स झाला की केस होते' एवढ्यावर अडकते. बाहेर आल्यावर दोन मिनिटांत सगळं आठवतं, आणि मग दिवसभर चरफडत बसायचं.

खरं तर या व्हायवाला गुण थोडे असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनी चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे केले आहेत. त्यांतल्या मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या पेपरची १०० गुणांची मांडणी अशी आहे: मूट कोर्टचे ३०, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहण्याचे ३०, पक्षकाराशी वकील कसा बोलतो आणि दाव्याचे कागद कसे तयार होतात ते पाहून डायरी लिहिण्याचे ३०, आणि या सगळ्यावर तोंडी परीक्षा १० गुणांची. मुलं घाबरतात ती या १० गुणांना. उरलेले ९० ज्या जर्नलवर अवलंबून असतात, ते मात्र आदल्या आठवड्यात घाईघाईने उतरवून काढतात.

या भीतीचं नीट निरीक्षण केलं तर ती सबंध व्हायवाभर सारखी पसरलेली नसते, दोन ठिकाणी साचलेली असते. एक म्हणजे खुर्चीत बसल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट, आणि दुसरं म्हणजे खोलीत शांतता पसरते ते काही सेकंद. तोंडाने काय करायचं हे या दोन जागांसाठी आधी ठरलेलं असेल, तर मधला भाग बहुतेकांना निभावता येतो. तेवढ्यासाठी तालीम करायची, पण ती ठरावीक पद्धतीने.

तालमीची सुरुवात पुस्तकापासून करू नये. ती आपल्या जर्नलपासून करावी, कारण बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात तेच असतं. ते तुम्हाला ओळखत नाहीत, वर्षभर तुम्ही काय शिकलात हेही त्यांना माहीत नसतं. ते जर्नल उघडतात, दोन-तीन पानं चाळतात, एखाद्या शब्दावर नजर थांबते आणि प्रश्न येतो. म्हणून पेन्सिल घेऊन आपलं जर्नल परक्या माणसाच्या नजरेने वाचायचं, आणि 'हे का?', 'हे कशावरून?', 'मग पुढे काय?' असं विचारता येईल असा प्रत्येक शब्द अधोरेखित करायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, वैदेही नावाच्या विद्यार्थिनीने फौजदारी खटला म्हणून चेक न वटल्याचं प्रकरण पाहिलं. तिच्या जर्नलमध्ये तारखा अशा आहेत: बँकेचा रिटर्न मेमो ६ मार्च २०२३, वकिलाची नोटीस २० मार्च, आरोपीला नोटीस मिळाली २४ मार्च, कोर्टात तक्रार २८ एप्रिल. खाली तिने लिहिलंय की तक्रारदाराची उलटतपासणी चालू होती आणि पुढच्या टप्प्यावर कलम ३१३ खाली आरोपीचा जबाब होणार होता. पाच-सहा ओळींचा मजकूर आहे, पण परीक्षकाला त्यात कितीतरी सापडतं.

पहिला प्रश्न मुदतीचा. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, ती गेली आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस आरोपीला पैसे देण्यासाठी असतात. २४ मार्चचा दिवस सोडून मोजलं तर ते ८ एप्रिलला संपतात. तोवर पैसे आले नाहीत, म्हणून तक्रारीचं कारण ९ एप्रिलला घडलं, आणि तिथून एक महिन्यात तक्रार दाखल व्हायला हवी. कारण घडल्याचा दिवस मोजायचा नसतो, त्यामुळे शेवटची तारीख ९ मे. २८ एप्रिलची तक्रार मुदतीत बसते. दुसरा प्रश्न अधिक खोचक आहे. आता फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि आरोपीच्या जबाबाचं कलम ३१३ चं ३५१ झालं, मग तुम्ही ३१३ कसं लिहिलंत? उत्तर सरळ आहे. हा खटला त्या तारखेच्या आधीपासून चालू होता, आणि नव्या संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे असे प्रलंबित खटले जुन्याच संहितेप्रमाणे पुढे चालतात. ज्याने हे आधी स्वतःला विचारलेलं असतं त्याला हा प्रश्न आयता गुण देऊन जातो. बाकीच्यांना तो आपली चूक पकडल्यासारखा वाटतो, आणि बरोबर लिहिलेलं असूनही ते माफी मागायला लागतात.

असे पंचवीस-तीस प्रश्न निघतात. ते चिठ्ठ्यांवर लिहावेत, एका चिठ्ठीवर एकच, आणि उत्तर मागच्या बाजूला चार-सहा शब्दांत. पूर्ण उत्तर लिहून ठेवायचा मोह टाळावा. लिहिलेलं वाक्य पाठ होतं, आणि पाठ केलेल्या वाक्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळंच निसटतं.

यानंतरची पायरी म्हणजे मोठ्याने बोलणं. इथे बरीच मुलं टाळाटाळ करतात. ती जर्नल पुन्हा पुन्हा वाचतात, आणि वाचताना सगळं येतंय असं वाटत राहतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा भ्रम स्पष्ट दिसतो. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून तो बाजूला ठेवला आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले होते. व्हायवा पाच मिनिटांनी नसते. शिवाय तिथे ओळखायचं नसतं, शून्यातून बोलायचं असतं. म्हणून जर्नल मिटायचं, चिठ्ठी उचलायची आणि आवाज काढून उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी स्वतःचाच आवाज ऐकून संकोच वाटतो. तो घरातच वाटलेला बरा.

एकट्याने दोन दिवस बोलून झालं की माणसं बदलायची. आधी वर्गातला मित्र. त्याने टेबलापलीकडे बसायचं, चिठ्ठ्या पिसायच्या आणि चेहऱ्यावर काही न दाखवता प्रश्न विचारायचे. 'बरोबर आहे गं' असं म्हणायला त्याला सक्त मनाई, कारण परीक्षक तसं म्हणत नाहीत. त्यानंतर कायद्याशी संबंध नसलेलं घरातलं कुणीतरी पकडावं. मोठा दादा किंवा मावशी चालेल. त्यांना एवढंच सांगायचं की कळलं नाही तिथे 'म्हणजे काय?' असं विचारत राहा. 'गृहीतक' हा शब्द वापरून आपण सहज पुढे निघून जातो. मावशी तिथे अडवते, आणि मग सांगावं लागतं की चेकवरची सही मान्य असेल तर तो चेक कुठलं तरी देणं फेडायला दिला असंच कोर्ट धरून चालतं, आणि तसं नाही हे आरोपीला दाखवावं लागतं. मावशीला हे पटलं तर परीक्षकांनाही पटेल. माझ्या मते या फेरीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच.

शेवटची फेरी खऱ्यासारखी करायची. परीक्षेला घालणार तेच कपडे, हातात जर्नल, दारावर टकटक, 'आत येऊ का सर?', आणि विचारणारा शक्यतो फारशा ओळखीचा नसलेला, एखादा सीनियर किंवा ज्या वकिलांकडे इंटर्नशिप केली ते वकील. त्यांना आधीच सांगून ठेवावं की एकदा मध्येच तोडा, एकदा मुद्दाम 'नक्की का?' असं विचारा आणि एकदा उत्तरानंतर काहीच बोलू नका. ही फेरी फोनवर रेकॉर्ड करावी, पण ऐकताना आवाज कसा येतो याकडे लक्ष देऊ नये, तो कुणालाच आवडत नाही. तपासायचं ते एवढंच: उत्तर पहिल्या वाक्यात आलं का, आणि उत्तर संपल्यावर आपण थांबलो का. बहुतेकांचं उत्तर तिसऱ्या वाक्यात येतं आणि थांबणं जमतच नाही.

भाषेचाही निकाल इथेच लावून टाकावा. मराठीत उत्तर चालेल का हे कॉलेजात आधी विचारून घ्यावं, आणि जी भाषा ठरेल तिच्यातच सगळी तालीम करावी. मराठीत तालीम करून ऐनवेळी इंग्रजीत बोलायला गेलं की कलम आठवतं आणि क्रियापद सापडत नाही. मराठीत बोलणाऱ्यांनी 'उलटतपासणी' म्हणजे क्रॉस आणि 'निशाणी' म्हणजे एक्झिबिट ही जोडी तोंडात बसवून ठेवावी, कारण परीक्षक कुठला शब्द वापरतील याचा भरवसा नसतो.

आता पहिलं अर्धं मिनिट. व्हायवाची सुरुवात बहुतेक ठिकाणी ठरावीक असते. 'बसा. कुठली केस पाहिलीत?' किंवा 'जर्नलबद्दल सांगा.' हा एकच प्रश्न असा आहे की तो येणार हे जवळपास नक्की असतं, आणि तरी मुलं त्याचं उत्तर तिथल्या तिथे जुळवायला जातात. मग 'अं... सर, मी ना, आम्ही सगळे कोर्टात गेलो होतो' अशी गाडी सुरू होते. वैदेहीने त्याऐवजी पाच वाक्यं तयार ठेवली:

'मी पाहिलेला फौजदारी खटला चेक न वटल्याचा, परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालचा होता. मी गेले त्या दिवशी तक्रारदाराची उलटतपासणी चालू होती. तक्रारदाराचं म्हणणं, हातउसने दिलेले दीड लाख रुपये फेडायला आरोपीने चेक दिला. आरोपीचं म्हणणं, चेक कोरा होता आणि फक्त तारण म्हणून दिला होता. सही मात्र त्याने मान्य केली होती, त्यामुळे सगळी उलटतपासणी कलम १३९ चं गृहीतक खोडण्यासाठी चालली होती.'

हे संथ बोललं तर साधारण पाऊण मिनिट होतं. त्याची रचना पाहा. कुठला खटला, कुठला टप्पा, दोन्ही बाजू, आणि शेवटी वादाचा मुद्दा. कोर्टाची इमारत किती जुनी होती आणि न्यायाधीश किती शांत होते हे त्यात नाही. शेवटचं वाक्य तर मुद्दाम ठेवलेलं आहे. ते ऐकल्यावर बऱ्याचदा पुढचा प्रश्न येतो तो असा: 'मग आरोपीने गृहीतक खोडायचं कसं?' आणि ते वैदेहीने तयार केलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या रंगप्पा विरुद्ध श्री मोहन या निकालात सांगितलंय की कायदेशीर देणं होतं हेसुद्धा या गृहीतकात येतं, पण ते खोडायला आरोपीला संशयातीत पुरावा द्यावा लागत नाही. आपली बाजू अधिक संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी पुरतं, आणि तेही तक्रारदाराच्याच उलटतपासणीतून दाखवता येतं. म्हणजे जे तिने कोर्टात बसून पाहिलं तेच इथे उत्तर म्हणून उभं राहतं.

पहिलं आणि शेवटचं वाक्य शब्दशः पाठ असावं, मधली तीन मुद्द्यांवर सोडावीत. पहिलं पाठ हवं कारण त्या वेळी घसा कोरडा असतो आणि डोकं उशिरा सुरू होतं. शेवटचं पाठ हवं कारण थांबायचं कुठे हे त्यावरून कळतं. मधलंही घोकलं की वेगळीच पंचाईत होते. परीक्षकांनी तिसऱ्या वाक्याला तोडलं की पोरगं गडबडतं आणि पुन्हा 'मी पाहिलेला फौजदारी खटला' इथून सुरू करतं. तालमीत असं एकदा जरी झालं तरी समजावं की पाठांतर जास्त झालंय. तोडलं तर विचारलेल्याचं उत्तर द्यायचं आणि राहिलेली वाक्यं सोडून द्यायची. ती पूर्ण करण्याचे गुण नसतात.

आणखी एक बारीक गोष्ट. मूट कोर्टची सवय इतकी अंगात भिनलेली असते की काहीजण व्हायवालाही 'मे इट प्लीज युवर लॉर्डशिप' असं सुरू करतात. समोर बसलेले प्राध्यापक किंवा वकील असतात, त्यांना 'सर' किंवा 'मॅडम' पुरेसं होतं.

खोलीबाहेर थांबण्याचा वेळ हा सगळ्यात वाईट. नंबर सतरावा, चालू आहे नववा, आणि बाहेर येणारा प्रत्येकजण नवं काहीतरी सांगून घाबरवतो. तिथे फायदा होतो तो श्वासाचा, पण त्यातही एक खुबी आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. म्हणून सोडण्याचा वेळ लांबवायचा: चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, दोन-तीन मिनिटं. 'दीर्घ श्वास घे' असं ऐकून काहीजण भराभर मोठे श्वास ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आपल्याला काहीतरी होतंय अशी नवीच भीती उभी राहते. मुंग्या आल्या तर समजायचं की श्वास फार जोरात चाललाय. सोबत पाण्याची बाटली असावी. धडधड कमी करणारी गोळी मित्राने दिली म्हणून घेऊ नये. अशा काही गोळ्या दमा असलेल्यांना धोक्याच्या असतात, आणि त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या.

आणि आता ती शांतता. शांततेची दोन रूपं असतात आणि दोन्हींसाठी वेगळी तयारी लागते.

पहिली आपली. प्रश्न आला आणि काही सुचत नाही. अशा वेळी मुलं एकतर छताकडे बघत बसतात किंवा तोंडाला येईल ते बोलतात. दुसरं जास्त महागात पडतं, कारण बोललेल्या प्रत्येक शब्दावर नवा प्रश्न निघतो. इथे ठरलेलं वाक्य हवं, आणि ते पहिल्या श्वासातच यायला हवं: 'क्षणभर विचार करून सांगते, सर.' एवढं म्हटलं की त्या शांततेला नाव मिळतं. ती आता अडखळणं राहत नाही, तुम्ही मागून घेतलेला वेळ होते. त्या वेळात उत्तर शोधायला जाऊ नये, जागा शोधावी. हा प्रश्न कुठल्या कायद्यातला, खटल्याच्या कुठल्या टप्प्यावरचा, आणि सिद्ध करायचं ओझं कुणावर.

वैदेहीला विचारलं गेलं, 'नोटीस मिळालीच नाही, असं आरोपी म्हणाला तर?' तिला हे आलं नाही. तिने वेळ मागितला आणि मग जागा शोधत मोठ्याने बोलली: 'हा नोटिशीच्या टप्प्यावरचा प्रश्न आहे. नोटीस रजिस्टर पोस्टाने बरोबर पत्त्यावर पाठवली होती. तशी पाठवल्यावर ती पोचली असं धरलं जातं, हे सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे. मग मिळाली नाही हे आरोपीने दाखवायचं.' इथवर ती पोचली. परीक्षक म्हणाले, 'आणि समन्स आल्यावर त्याला काय करता येईल?' हा प्रश्न म्हणजे हात पुढे करणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या सी. सी. अलवी हाजी प्रकरणात म्हटलंय की खरोखर नोटीस मिळाली नव्हती असं म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत. तिला निकालाचं नाव आठवलं नाही, पण 'तेव्हा तरी पैसे भरता येतील' एवढं ती म्हणाली. परीक्षक प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतात तेव्हा बहुतेकदा ते मदत करत असतात. घाबरलेल्या मुलाला तो ओरडा वाटतो आणि तो आधी म्हटलेलं बरोबर वाक्यही मागे घेतो.

दोन-तीन श्वास झाले आणि जागाही सापडली नाही, तर सरळ सांगावं: 'याचं उत्तर मला आत्ता येत नाही, सर.' जवळपासचं काही पक्कं माहीत असेल तर एक वाक्य जोडावं आणि थांबावं. कलमाचा आकडा आठवत नसेल तर तत्त्व सांगावं, आकडा ठोकून देऊ नये. आकडे आता पूर्वीइतके सोपेही राहिलेले नाहीत, जुने आणि नवे असे दोन संच प्रत्येकाच्या डोक्यात एकमेकांवर आदळत असतात.

ही शांतता तालमीत प्रत्यक्ष अनुभवून घ्यावी लागते. मित्राने घड्याळ धरायचं आणि वेळ मागितल्यापासून पाच सेकंद तुम्हाला बोलू द्यायचं नाही. पाच सेकंद संपता संपत नाहीत. आपल्याला याची सवयच नसते. अमेरिकेतल्या मेरी बड रो या शिक्षणसंशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांच्या टेप तपासल्या, तेव्हा आढळलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब आणि अधिक विचारपूर्वक येत होती. आयुष्यभर सेकंदाच्या आत उत्तर द्यायची सवय लागलेल्या मुलाला पाच सेकंद म्हणजे बदनामी वाटते. टेबलापलीकडे बसून, मागच्या मुलाचे गुण मांडणाऱ्या माणसाला ते जाणवतही नाहीत.

दुसरी शांतता परीक्षकांची. माझ्या मते खरे गुण जातात ते इथे. तुम्ही उत्तर दिलं, बरोबर दिलं, आणि समोरचे काहीच बोलत नाहीत. ते जर्नलचं पान उलटत असतील, गुण लिहीत असतील, चहा आला का म्हणून दाराकडे बघत असतील. मुलाला वाटतं, चुकलं. मग ते बरोबर उत्तराला पुरवणी जोडायला लागतं. 'शेवटची तारीख ९ मे' असं म्हणून झाल्यावर 'म्हणजे सर, ८ पण असू शकते, तिथे जरा वाद आहे' अशी. वाद काही नसतो, शांतता सहन झालेली नसते.

यावरचा बेत असा. उत्तराचं शेवटचं वाक्य उतरत्या सुरात संपवायचं, तोंड मिटायचं, नजर परीक्षकांच्या हातातल्या जर्नलवर ठेवायची आणि एक पूर्ण श्वास सोडायचा. पुढचं बोलणं त्यांचं. ते 'नक्की?' म्हणाले तर उत्तर बदलायचं नाही आणि हट्टालाही पेटायचं नाही. पायऱ्या एकदा मोठ्याने मोजायच्या: 'नोटीस २४ मार्चला मिळाली, १५ दिवस ८ एप्रिलला संपले, कारण ९ ला घडलं, तो दिवस सोडून महिना म्हणजे ९ मे.' मोजताना चूक सापडली तर तिथेच दुरुस्त करावी. नाही सापडली तर 'हो सर, ९ मे' म्हणून थांबावं. 'नक्की?' हा प्रश्न चुकीच्या उत्तराला विचारतात तसाच बरोबर उत्तरालाही विचारतात. वकिलीत पुढे हेच रोज घडणार असतं.

या सगळ्या तयारीला एक मर्यादा आहे. सीनियरचं जर्नल उतरवून काढलेलं असेल तर तालीम लटकीच होते. परीक्षकांना ते कळायला वेळ लागत नाही: खटला पाहिल्याची तारीख रविवारची निघते, किंवा एकाच वर्गातल्या दहाजणांनी एकाच दिवशी एकाच साक्षीदाराची तीच वाक्यं ऐकलेली असतात. तिथे वाटणारी भीती खोटी नसते, तिला कारण असतं. उपाय म्हणजे व्हायवाच्या आधी एक दिवस काढून कोर्टात जाऊन बसणं. फौजदारी न्यायालय सर्वांना खुलं असतं, नव्या संहितेच्या कलम ३६६ मध्ये तसं लिहिलेलंच आहे, अपवाद बलात्कारासारख्या बंद दाराआड चालणाऱ्या खटल्यांचा. सकाळी बोर्डावर खटल्यांची यादी लागते, ती वाचायची आणि मागच्या बाकावर बसायचं. एक उलटतपासणी डोळ्यांनी पाहिली की उतरवलेल्या दहा पानांपेक्षा जास्त बोलता येतं. आणि झोप, जेवण, कॉलेजला जाणं हेच जर आठवडेच्या आठवडे बंद पडलं असेल तर ते तालमीच्या पलीकडचं आहे. कॉलेजच्या समुपदेशकांकडे किंवा डॉक्टरांकडे जावं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही त्यासाठीच आहे.

काही कॉलेजांत वेळ वाचवायला तिघा-चौघांना एकदम आत बोलावतात. तिथे शांततेचा बेत थोडा बदलतो. तुम्ही 'क्षणभर विचार करते' म्हणालात की प्रश्न शेजाऱ्याकडे जाण्याची शक्यता असते, म्हणून वेळ मागतानाच जागा सांगून टाकावी: 'हा नोटिशीच्या टप्प्यावरचा प्रश्न आहे, क्षणभर विचार करून सांगते.' एवढ्याने अर्धं उत्तर तुमच्या नावावर लागतं. शेजाऱ्याला येत नाही म्हणून मान हलवत हात वर करू नये, परीक्षकांनी 'आणखी कुणाला येतंय?' असं विचारल्यावर बोलावं. आणि आधीच्याचं उत्तर बरोबर असेल तर तेच फिरवून पुन्हा सांगण्याऐवजी 'त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे, फक्त समन्सनंतरचा भाग जोडते' असं म्हणून एकच वाक्य जोडावं.